कूपन ६ टक्के, मग वायटीएम ७.२ कसा? रोख्यांबद्दल खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून रोख्यांविषयी येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच जागी अडकलेले असतात. रोख्यावर एक व्याजदर छापलेला असतो, स्क्रीनवर दुसराच दिसतो, आणि हातात येणारी रक्कम दोन्हींशी जुळत नाही. म्हणून सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बांधली आहेत.

आपल्याकडे तीन सरकारी रोखे आहेत असं धरू. तिघांचीही मुदत संपायला बरोबर ५ वर्षं आहेत, तिघेही दर सहा महिन्यांनी व्याज देतात आणि शेवटी प्रत्येक १०० रुपये दर्शनी किमतीमागे १०० रुपयेच परत करतात. पहिल्याचं कूपन ६ टक्के, बाजारभाव ९५.०४. दुसऱ्याचं ७.२ टक्के, भाव १००. तिसऱ्याचं ८.४ टक्के, भाव १०४.९६. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, आजचे भाव म्हणून ते वापरू नका.

१. वायटीएम म्हणजे नेमकं काय? कूपनपेक्षा वेगळं काय त्यात?

कूपन हा रोख्याच्या जन्माच्या वेळी ठरलेला दर आहे आणि तो दर्शनी किमतीवर मोजतात. १ लाख दर्शनी किमतीच्या ६ टक्के रोख्यावर वर्षाला ६,००० रुपये मिळणार. तुम्ही तो ९५ ला घेतला काय किंवा १०५ ला, सरकारला त्याच्याशी देणंघेणं नाही.

वायटीएम म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा. तो तुम्ही खरोखर मोजलेल्या पैशांवर निघतो. आज खिशातून किती गेले, पुढे कोणत्या तारखेला किती येणार आणि शेवटी मुद्दल किती येणार, हे सगळं मांडून जो एकच दर सगळ्या रकमांचा हिशेब जुळवतो तो वायटीएम. वरच्या तिन्ही रोख्यांचा वायटीएम ७.२ टक्केच आहे. कूपन रोख्याचं असतं, वायटीएम तुमच्या खरेदीचा असतो. म्हणूनच तोच रोखा महिन्याभराने वेगळ्या भावात घेणाऱ्या शेजाऱ्याचा वायटीएम वेगळा निघतो.

२. कूपन ६ टक्केच आहे. मग वरचे १.२ टक्के कोण देतं?

ते तुम्ही स्वस्तात घेतलं म्हणून मिळतात. १ लाख दर्शनी किमतीचा रोखा ९५,०४० ला मिळाला. पाच वर्षांत ३,००० चे दहा हप्ते, म्हणजे ३०,००० व्याज. शेवटी हातात १,००,०००. म्हणजे वरचे ४,९६० मुदतपूर्तीच्या दिवशी एकदम येतात.

रोखा स्वस्त का मिळाला, तर बाजारात आज ७.२ टक्के मिळत असताना कमी व्याजाचा जुना रोखा कोणी पूर्ण किमतीला घेत नाही. पहिल्या सहामाहीचा हिशेब करून पाहा. ९५,०४० वर ७.२ टक्क्यांच्या निम्मे, म्हणजे ३.६ टक्के दराने तुमचे ३,४२१ रुपये झाले. रोख मिळाले ३,०००. उरलेले ४२१ रोख्यातच मुरले आणि तुमची खरी गुंतवणूक ९५,४६१ झाली. पुढच्या सहामाहीला ३.६ टक्के या वाढलेल्या रकमेवर. असं करत दहाव्या हप्त्याला ती १ लाखावर पोचते.

३. १०० रुपयांचा कागद १०५ ला घ्यायचा म्हणजे पाच रुपये पाण्यात नाहीत का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि यातली चूक दोन्ही बाजूंनी होते. काही जण प्रीमियम पाहूनच पळतात, तर काही जण ८.४ हा आकडा पाहून धावतात.

बाजारात दोन म्हशी आहेत. एक जास्त दूध देते म्हणून पाच हजार महाग. पाच वर्षांनी दोन्ही सारख्याच भावाने विकल्या जाणार. मग जास्त दुधातून आधी ते पाच हजार वळते झाले पाहिजेत, उरेल ती कमाई. प्रीमियमचा रोखा असाच आहे.

आता रुपयांत. तुम्ही १,०४,९६० दिले. पहिल्या सहामाहीत ३.६ टक्के दराने तुमची खरी कमाई ३,७७९. खात्यात जमा झाले ४,२००. मग हे जास्तीचे ४२१ रुपये कुठून आले? ते तुमचेच आहेत. सरकारने तुमच्या मुद्दलाचा छोटा तुकडा व्याज म्हणून परत केला. आता रोख्यात तुमचे १,०४,५३९ उरले. पुढच्या खेपेला कमाई थोडी कमी आणि परत येणारं मुद्दल थोडं जास्त. दहा हप्त्यांत मिळून ४,९६० रुपये असे परत येतात, आणि म्हणूनच शेवटी १ लाखच मिळतो.

पाण्यात काहीच गेलेलं नसतं. पण हे समजून न घेता दर सहामाहीचे ४,२०० घरखर्चाला वापरले, तर माणूस न कळत मुद्दल खातो. भुसावळ, वरणगावकडच्या निवृत्त मंडळींना मी हेच सांगतो: प्रीमियमने घेतला असेल तर प्रत्येक हप्त्यातले चारशे-पाचशे बाजूला काढा, मगच बाकीचं व्याज म्हणा.

४. तिघांचा वायटीएम सारखाच, तर मग कुठलाही घ्या, असंच ना?

कर आडवा आला नसता तर जवळपास तसंच. पण कर वायटीएमला विचारत नाही. कूपनवर तुमच्या स्लॅबप्रमाणे दरवर्षी कर लागतो. सवलतीत घेतलेल्या रोख्यावर शेवटी होणारा फायदा हा भांडवली नफा. रोखा शेअर बाजारात नोंदणीकृत असेल आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असेल, तर २३ जुलै २०२४ पासून त्यावर १२.५ टक्के दर आहे.

प्रीमियमच्या रोख्याचं उलट होतं. प्रश्न ३ मध्ये पाहिलं की ८.४ टक्के कूपनमध्ये तुमचंच मुद्दल मिसळलेलं असतं. प्राप्तिकर मात्र अख्ख्या कूपनला व्याज धरतो. शेवटी होणारा ४,९६० चा दीर्घकालीन तोटा त्या व्याजातून वजा होत नाही, फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्याविरुद्ध चालतो. यंदा असा नफा नसेल तर तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो.

३० टक्के स्लॅबच्या माणसासाठी, सेस न धरता, करानंतरचा परतावा मी काढून पाहिला. ९५.०४ चा रोखा साधारण ५.२३ टक्के, १०० चा ५.०४ टक्के, आणि १०४.९६ चा ४.७५ टक्के, तोही तोट्याचा काहीच उपयोग झाला नाही असं धरून. स्क्रीनवर तिघांपुढे एकच आकडा होता! ज्यांचं उत्पन्न करपात्रच नाही त्यांना हा फरक लागू नाही, त्यांनी हप्ता किती हवा ते पाहून निवडावं.

५. रोख्याची डिमॅटमधली किंमत दरवर्षी उतरतेय. सरकारी आहे ना, मग काय बिघडलं?

प्रीमियमने घेतला असेल तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. बाजाराचा दर ७.२ वरच राहिला तरी आपला १०४.९६ चा रोखा वर्षाने १०४.११, दोन वर्षांनी १०३.१९, तीन वर्षांनी १०२.२०, चार वर्षांनी १०१.१४ आणि शेवटी १०० होतो. पहिल्या वर्षी ८५ पैसे उतरतात, शेवटच्या वर्षी १ रुपया १४ पैसे. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. सवलतीचा रोखा याच रीतीने वर चढत जातो.

घसरण नेहमीची की दर वाढल्यामुळे, हे ओळखायचं असेल तर आजचा भाव घालून वायटीएम पुन्हा काढा. तो खरेदीच्या वेळच्या आकड्याजवळ असेल तर रोखा ठरल्या वाटेने शंभराकडे चाललाय. तो बराच वर गेला असेल तर बाजाराचे दर वाढलेत. तसं झालं तरी मुदतीपर्यंत थांबणाऱ्याच्या हप्त्यांत आणि मुद्दलात काही बदल होत नाही.

६. वायटीएम घरी काढता येतो का? एजंटने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास बसत नाही.

येतो, आणि काढाच. कागदावर अंदाज करायचा तर वर्षाच्या कूपनमध्ये सवलतीचा एका वर्षाचा वाटा मिळवा (प्रीमियम असेल तर वजा करा), आणि खरेदी भाव व १०० यांच्या सरासरीने भागा. पहिल्या रोख्यासाठी: ४.९६ भागिले ५ म्हणजे ०.९९२, अधिक ६ म्हणजे ६.९९२, भागिले ९७.५२. उत्तर ७.१७ टक्के. तिसऱ्यासाठी ७.२३. खऱ्या ७.२ च्या पुरेसं जवळ.

नेमका आकडा हवा तर एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये हे घाला:

```
=RATE(10,3,-95.04,100)*2
=YIELD(DATE(2025,6,2),DATE(2030,6,2),6%,95.04,100,2,4)
```

पहिल्या सूत्रात १० हप्ते, प्रत्येकी ३ रुपये. दुसरं खऱ्या तारखांसाठी: व्यवहार पूर्ण होण्याची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, कूपन, भाव, परत मिळणारी रक्कम, वर्षातले हप्ते, आणि शेवटचा ४ म्हणजे महिना ३० दिवसांचा व वर्ष ३६० दिवसांचं धरण्याची पद्धत. आपल्या सरकारी रोख्यांना हीच पद्धत लागते.

एजंटचा आकडा कुठे फसवा असतो, तर तो बरेचदा वायटीएम नसतोच. वर्षाचं कूपन भागिले भाव एवढंच केलेलं असतं. त्या हिशेबाने १०४.९६ चा रोखा ८ टक्के दिसतो आणि ९५.०४ चा ६.३१. शेवटी जाणारे किंवा मिळणारे पाच रुपये त्यात धरलेलेच नाहीत. प्रीमियमचा रोखा विकायचा असला की हा आकडा पुढे येतो, असं माझं निरीक्षण आहे.

७. भाव ९५.०४ दिसला आणि खात्यातून ९६.०४ च्या हिशेबाने पैसे कापले. फसवणूक?

नाही. तो रुपया म्हणजे साठलेलं व्याज. मागचा हप्ता होऊन दोन महिने झाले असतील, तर त्या ६० दिवसांचं व्याज आधीच्या मालकाचं आहे: १०० वर ६ टक्के, ३६० पैकी ६० दिवस, बरोबर १ रुपया. तो तुम्ही आज देता आणि चार महिन्यांनी पूर्ण ३ रुपयांचा हप्ता तुम्हाला मिळतो. सूत्रात नेहमी साठलेल्या व्याजाशिवायचा भाव घाला. ९६.०४ घातला तर वायटीएम उगाच कमी दिसेल.

८. आलेलं व्याज मी खर्चच करणार. मग ७.२ टक्के मिळाले म्हणायचे का?

रोख्यात जेवढे पैसे जितके दिवस राहिले त्यांवर हो, ७.२ टक्केच मिळाले. पण पाच वर्षांनी एकूण किती साठले असं विचाराल तर ते हप्त्यांचं तुम्ही काय केलं यावर आहे. हप्ते पुन्हा ७.२ टक्क्यांनीच गुंतवले तरच ९५,०४० चे साधारण १,३५,३६० होतात.

हप्ते बचत खात्यात पडून राहिले आणि तिथे ३ टक्के मिळाले असं धरू. तर सवलतीच्या रोख्याचा पूर्ण पाच वर्षांचा परतावा ६.७ टक्क्यांवर येतो आणि प्रीमियमचा ६.५६ वर. प्रीमियमचा जास्त घसरतो, कारण त्याचे हप्ते मोठे. जास्त पैसा लवकर हातात येतो आणि त्याला पुन्हा कामाला लावायची जबाबदारी तुमची. हप्ते खर्चासाठीच हवे असतील तर याची चिंता नको, फक्त प्रश्न ३ चा शेवट लक्षात असू द्या.

९. केळीचे पैसे आलेत, रोख्यात टाकतो. पण जूनमध्ये पेरणीला लागले तर?

रावेर-यावल पट्ट्यातून हा प्रश्न हमखास येतो. मुदतीआधी विकलं की वायटीएमचा शब्द संपतो. मग विक्रीच्या दिवशी बाजार काय भाव देतो तेच खरं.

आपला ९५.०४ चा रोखा दोन वर्षांनी विकायचा आहे. तोवर बाजाराचा दर ८.२ झाला असेल तर भाव ९४.२५ च्या आसपास, आणि दोन वर्षांचा परतावा सुमारे ५.९ टक्के पडेल. दर ६.२ वर आला असेल तर भाव ९९.४६ आणि परतावा जवळपास ८.५ टक्के. म्हणजे एकच रोखा, एकच खरेदी, आणि विक्रीच्या दिवसावर अडीच टक्क्यांहून जास्त फरक. मुदत लांब असेल तर हा झोका आणखी मोठा. २०-३० वर्षांच्या रोख्यात पेरणीचे पैसे घालू नयेत असं मी स्पष्ट म्हणेन.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, त्यामुळे सरकारी रोखे १०,००० पासून घेणं सोपं झालं. पण छोट्या रकमेला हव्या त्या दिवशी, हव्या त्या भावात घेणारा सापडेलच असं नाही. जूनमध्ये पैसे लागणार हे आजच ठाऊक असेल, तर जूनआधी मुदत संपणारं ट्रेझरी बिल घ्या. ते ९१, १८२ आणि ३६४ दिवसांचं असतं.

१०. बँक एफडीही ७.२ देते. मग रोखा कशाला?

दोन्ही ७.२ सारखे नाहीत. सरकारी रोख्याचा वायटीएम सहामाही हिशेबाने सांगतात, म्हणून वर्षाचा खरा दर ७.३३ टक्के. व्याज पुन्हा गुंतवणाऱ्या एफडीत चक्रवाढ बहुतेक तिमाही असते, तिचा ७.२ म्हणजे वर्षाला ७.४० टक्के. कंपन्यांच्या रोख्यांचा आकडा बहुधा वार्षिक हिशेबाचा असतो. तुलना करताना तिघांना वार्षिक दरावर आणा. नुसत्या दरात एफडी पुढे असेल तर एफडी घ्या, त्यात कमीपणा नाही. रोख्याची जमेची बाजू म्हणजे तोच दर वीस-तीस वर्षांसाठी बांधता येतो. एवढ्या लांब मुदतीची एफडी सहसा मिळत नाही.

११. कंपनी किंवा बँक मधेच रोखा परत घेऊ शकते असं लिहिलंय. मग वायटीएम कुठला धरायचा?

इथे वायटीएम एकट्याने पाहणं धोक्याचं, विशेषतः प्रीमियमवर. समजा आपल्या १०४.९६ च्या रोख्यासारख्याच एका कंपनी रोख्यात वर्षाने १०० ला परत घेण्याचा हक्क आहे. दर उतरले तर कंपनी तो वापरणारच, कारण तिला नवं कर्ज स्वस्तात मिळतं. मग तुम्हाला वर्षभरात ८.४० व्याज आणि १०० मुद्दल मिळालं, दिले होते १०४.९६. परतावा ३.३ टक्के! प्रीमियम पाच वर्षांत वळता व्हायचा होता, तो एका वर्षात अंगावर आला.

म्हणून परत घेण्याच्या प्रत्येक तारखेला मुदतपूर्तीची तारीख समजून वेगळा हिशेब करा (प्रश्न ६ मधलं सूत्र चालतं) आणि त्यातला सर्वांत कमी आकडा स्वतःचा माना. सवलतीत घेतलेला रोखा लवकर परत घेतला गेला तर उलट फायदाच होतो, पण दर चढे असताना तसं करायची घाई कंपनीला नसते.

१२. एका कंपनीच्या रोख्याचा वायटीएम १३ टक्के दाखवतायत. आमच्याकडे पतसंस्थाही एवढं देत होत्या.

आणि त्यांतल्या काहींचं पुढे काय झालं हे जळगाव जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. वायटीएम काढताना प्रत्येक हप्ता वेळेवर आणि पूर्ण येणार असं गृहीत धरलेलं असतं. कंपनी बुडण्याची शक्यता त्या सूत्रात कुठेच नाही. उलट कंपनीवरचा विश्वास उडाला की भाव पडतो आणि भाव पडला की वायटीएम फुगतो. तेव्हा आधी त्याच मुदतीच्या सरकारी रोख्याचा वायटीएम पाहा. त्याच्या वरचे जे टक्के आहेत ते जोखमीचं भाडं. शिवाय बँक ठेवींना असलेला ५ लाखांपर्यंतचा विमा कंपनीच्या रोख्याला नसतो. पतसंस्थेच्या ठेवीलाही तो नव्हताच.

१३. करमुक्त रोखे ११० च्या वर दिसतात. घ्यावेत का?

एनएचएआय, आरईसी, आयआरएफसी वगैरेंचे हे जुने रोखे, कूपन मोठं म्हणून प्रीमियमवर. त्यांच्या बाबतीत प्रश्न ४ मधली मुख्य तक्रार उरत नाही: कूपनवर करच नाही, त्यामुळे कूपनमध्ये मुद्दल मिसळलेलं असलं तरी त्यावर कर भरावा लागत नाही. कूपन विसरा, आजच्या भावाचा वायटीएम काढा, आणि त्याची तुलना एफडीच्या कर भरल्यानंतरच्या दराशी करा. ३० टक्के स्लॅबला ७.४० ची एफडी ५.१८ वर येते. ५ टक्के स्लॅबवाल्याने मात्र यांच्या मागे लागू नये, करमाफीची किंमत भावात आधीच धरलेली असते.

१४. बदलत्या व्याजदराच्या रोख्याचा वायटीएम कसा काढायचा?

पुढचे हप्तेच ठाऊक नसतात, त्यामुळे निघणारा आकडा आजचा दर शेवटपर्यंत राहील या समजुतीवर उभा असतो. रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँडला तर तो लागूच नाही. ते बाजारात विकता येत नाहीत, १०० लाच मिळतात आणि १०० च परत देतात. त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतो आणि सहा महिन्यांनी नव्याने ठरतो.